विहीर वाटली, पाणी कुठं वाटलं?

निपाणी भागातलं शेतीचं कुठलंही जुनं वाटणीपत्र उघडा, त्यात एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: 'विहीर, धाव व पाट सामाईक.' त्यापुढं कुणाचा किती हिस्सा ते आण्यांमध्ये लिहिलेलं असतं. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून चार आणे म्हणजे विहिरीचा पाव हिस्सा. रुपयाचे आणे जाऊन साठ वर्षं होऊन गेली, पण आमच्याकडं विहिरीचे आणे अजून चालू आहेत.

माझं म्हणणं या एका वाक्याबद्दल आहे. मोटेच्या काळाला ते पुरलं. मोटरच्या काळात भांडत-तंडत का होईना, पुरवून घेतलं. बोअरच्या काळात मात्र ते अजिबात पुरत नाही, कारण त्या वाक्यानं विहीर वाटली, पाणी वाटलंच नाही. आज आपल्या पिढीच्या वाटण्या चालू आहेत आणि आपणही तेच वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतोय. ते थांबवायला हवं, आणि त्याऐवजी काय लिहायचं हे ठरवायला हवं.

आधी झाडाचं बघू, कारण ते सोपं आहे. जमीन विकली की तिच्यात रुजलेलं झाड जमिनीबरोबर जातं, वेगळं काही ठरलं नसेल तर. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा हेच सांगतो. पण वेगळं ठरवायला मुभा आहे, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती पुरेपूर वापरली. 'बांधावरचा आंबा दोघांत निम्मा', 'जमीन धाकट्याची, चिंच थोरल्याची' अशा ओळी जुन्या कागदांत दिसतात. त्यावरून भांडणं होतात, नाही असं नाही. तरीपण ती मिटतात, कारण झाड डोळ्यांना दिसतं. ते कुठं उभं आहे हे मोजता येतं, आंबे पाट्यांनी वाटता येतात, आणि आपल्या उताऱ्यावर झाडांसाठी रकानाही आहे. तोडायचं झालं तर कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष कायद्याप्रमाणं, सूट दिलेल्या जाती सोडून, वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे मालक कोण, फळ कुणाचं आणि तोडण्यावर बंधन काय, या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे.

विहीर ही झाड आणि पाणी यांच्या मधली गोष्ट. तिचं खोदकाम, दगडी बांधकाम, पायऱ्या हे सगळं झाडासारखं दिसतं. तिच्यातलं पाणी मात्र येत-जात राहतं. म्हणून विहिरीची वाटणी ही खरं तर वेळेची वाटणी असते. तिला आपण 'पाळी' म्हणतो. (कानडीतही हाच शब्द याच अर्थानं आहे. सीमाभागात निदान या एका शब्दावर वाद नाही.)

आमच्या शिवारातली एक विहीर उदाहरणाला घेतो. माणसांची नावं सांगत नाही, सगळे ओळखीचे आहेत. तीन भावांनी मिळून खणलेली, वीस फूट रुंद, गोल. वाटणीत विहिरीची जागा थोरल्याच्या हिश्श्यात आली, पण विहीर, धाव आणि पाट तिघांत सामाईक राहिले. मधल्याचं रान लागून, धाकट्याचं त्याच्या खाली. धाकट्याचं पाणी मधल्याच्या रानातून पाटानं जायचं. पाळी सहा दिवसांची: प्रत्येकाला दोन दिवस.

मोटेच्या काळात 'दोन दिवस' म्हणजे काय हे सगळ्यांना कळायचं. बैल दमले की मोट थांबायची. बैल दमेपर्यंत जेवढं पाणी निघेल तेवढंच निघायचं आणि रात्रीत विहीर पुन्हा भरायची. पाणी किती उपसायचं यावर बैलांचाच लगाम होता, त्यामुळं कुणाला वेगळा नियम लिहायची गरज वाटली नाही.

या व्यवस्थेला कायद्याचाही आधार होता, आणि आहे. सुविधाधिकाराचा कायदा, ज्याला वकील मंडळी इझमेंट ॲक्ट म्हणतात, तो १८८२ चा. मुंबई इलाख्यात तो १८९१ साली लागू झाला आणि बेळगाव तेव्हा त्या इलाख्यात होतं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात गेलो, तरी हा कायदा केंद्राचा, तो तसाच राहिला. त्याच्या तेराव्या कलमात वाटणीबद्दल सांगितलंय. एकत्र मिळकत वाटली आणि एकाचा हिस्सा वापरण्यासाठी दुसऱ्याच्या हिश्श्यातून वाट किंवा पाट असणं गरजेचं असेल, तर कागदावर लिहिलेलं नसलं तरी तो हक्क मिळतो. म्हणजे उद्या मधला म्हणाला, "माझ्या रानातनं पाट नको," तर धाकटा दिवाणी कोर्टात उभा राहू शकतो. वाटणीचा आधार नसेल आणि पाट शेजाऱ्याच्या रानातून जात असेल, तर पंधरावं कलम आहे: वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, आणि कुणाच्या मेहेरबानीवर नव्हे तर हक्क म्हणून वापर झाला, तर तो हक्क पक्का होतो. 'हक्क म्हणून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दरवर्षी विचारून पाणी नेत असाल तर ती परवानगी झाली. परवानगीचा कितीही वर्षांनी हक्क होत नाही.

तर विहिरीचा हिस्सा सुरक्षित, पाटही सुरक्षित. मग बिघडलं कुठं?

पहिली गोष्ट बिघडली ती मोटर बसल्यावर. आपल्याकडं शेतीला थ्री-फेज वीज साधारण सात तासांच्या हिशोबानं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे 'दोन दिवसांची पाळी' प्रत्यक्षात चौदा तासांची झाली. दरम्यान पिढी बदलली. थोरल्याला तीन मुलगे, मधल्याला दोन, धाकट्याला एक. त्यामुळं धाकट्याच्या मुलाला सहा दिवसांत चौदा तास, मधल्याच्या दोघांना सात-सात तास, आणि थोरल्याच्या तिघांना प्रत्येकी चार तास चाळीस मिनिटं. (सगळी बेरीज केली तर बेचाळीस तास होतात, म्हणजे सहा दिवस गुणिले सात. आण्यांचा हिशोब कागदावर बरोबर जुळतो.)

आता हे तास पाण्यात मोजू. पाच एचपीची मोटर अशा विहिरीवर तासाला अंदाजे तीस हजार लिटर पाणी काढते. एक एकराला दोन इंच पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं, म्हणजे जवळजवळ सात तास. पावसाळ्यानंतर विहीर भरलेली असताना हे जमतं: सात तासवाल्याचं एकरभर भिजतं, चार तास चाळीस मिनिटंवाल्याचं पाऊण एकराला थोडं कमी.

पण मार्च उजाडला की गणित बदलतं. वीस फूट रुंदीच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे नऊ हजार लिटरला थोडं कमी. तळाला दहा फूट पाणी उरलं असेल तर ते नव्वद हजार लिटरच्या आत. मोटर तीन तासांत ते संपवते आणि मग हवा ओढायला लागते. त्यापुढचे चार तास पाळी तुमचीच असते, पण विहिरीत पाणी नसतं. विहीर पुन्हा दहा फूट भरायला पुढची सकाळ उजाडते. अशा वेळी तासांची पाळी हीच अन्यायाची होते. भरलेल्या विहिरीवर सकाळी ज्याचा नंबर लागला त्याला सगळं मिळतं, आणि त्याच दिवशी दुपारी ज्याचा लागला तो रिकाम्या विहिरीकडं बघत बसतो. दोघांनाही आपापले तास मिळालेले असतात, म्हणून तक्रार कुणाकडं करायची तेही कळत नाही.

यावर जुन्या जाणत्यांकडं उपाय होता, आणि काही शिवारांत तो अजून चालतो. उन्हाळ्यात तास सोडून 'भरती' मोजायची. एक भरती म्हणजे विहीर रात्रभर भरून सकाळपर्यंत जेवढी होईल तेवढी. ती मोजणं अवघड नाही. संध्याकाळी मोटर हवा ओढेपर्यंत चालवायची, बंद करायची, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी बघून ठेवायची आणि सकाळी पुन्हा बघायची. रोज एक भरती मिळत असेल तर सहा दिवसांत सहा भरत्या, प्रत्येक घराला दोन. थोरल्याच्या तिघांना त्या दोन भरत्या आळीपाळीनं घ्याव्या लागतात, म्हणजे अठरा दिवसांत प्रत्येकाला दोनच. नऊ दिवसांतून एकदा नव्वद हजार लिटर. अर्ध्या एकराचीही ओल होत नाही.

त्या तिघांतल्या एकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अर्धा एकर ऊस, वर पेटलेलं ऊन, आणि नऊ दिवसांनी एकदा पाणी. त्यानं काय करावं? त्यानं तेच केलं जे सगळीकडं होतंय. विहिरीपासून साठ फुटांवर, स्वतःच्या हद्दीत, बोअर मारली. चारशे फुटांवर पाणी लागलं. आणि विहिरीची रात्रीची भरती त्या उन्हाळ्यात निम्म्यावर आली.

चावडीवर बैठक बसली तेव्हा धाकट्याचा मुलगा म्हणाला, "माझे पाच आणे चार पै हाईत विहिरीत. माझं पाणी ह्यानं नेलं." बोअरवाला म्हणाला, "विहिरीला मी हात लावला काय? माझ्या रानात मी खणलंय. जमिनीखालचं पाणी कुणाच्या नावावर असतंय, दाखव उताऱ्यावर."

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर बोअरवाला बरोबर होता. त्याच इझमेंट ॲक्टच्या सातव्या कलमाखाली एक उदाहरण दिलंय: प्रत्येक जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं सगळं पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा हक्क आहे. आणि सतरावं कलम त्याहून कडक आहे. वीस वर्षांच्या वापरानं जे हक्क मिळूच शकत नाहीत त्यांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत ठरावीक प्रवाहात नसलेलं भूगर्भातलं पाणी आहे. म्हणजे पाटावर वीस वर्षांत हक्क तयार होतो, पण विहिरीला येणाऱ्या झऱ्यावर शंभर वर्षांतही होत नाही. 'ठरावीक प्रवाह' सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर, आणि आपल्या कातळात ते जवळजवळ अशक्य. निपाणीकडं वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि खाली बेसाल्टचे थर. पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून झिरपतं. त्याला नदीसारखा काठ नसतो.

हा नियम आपल्या मातीतला नाही. १८४३ साली इंग्लंडमध्ये एका माणसाची विहीर शेजाऱ्याच्या कोळसा खाणीमुळं आटली. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं हे कुणालाच दिसत नाही, तेव्हा त्यावर हक्क सांगता येणार नाही, असं तिथल्या कोर्टानं ठरवलं. ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल हा तो खटला. पुढं चाळीसेक वर्षांनी तोच विचार आपल्या कायद्यात आला. तेव्हा फावड्यानं, पहारीनं खणायचे. कातळात चारशे फूट एका दिवसात उतरणारं यंत्र तो कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

नवे कायदे झाले नाहीत असं नाही. कर्नाटकात १९९९ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. २०११ च्या भूजल कायद्यात अधिसूचित भागांत परवानगी आणि नोंदणी आहे. सीमेपलीकडं कागल तालुक्यात महाराष्ट्राचा २००९ चा कायदा लागतो, त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. मधे एका बांधाचं अंतर असलेल्या दोन रानांना दोन राज्यांचे दोन नियम, आणि खालचा कातळ एकच. पण हे सगळे नियम सरकार आणि शेतकरी यांच्यातले आहेत. दोन चुलतभावांमध्ये कुणाला किती पाणी, हे त्यांतला एकही नियम सांगत नाही. केरळात प्लाचीमडा इथल्या शीतपेय कारखान्याच्या प्रकरणात २००३ साली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही सगळ्या लोकांची ठेव आहे असं म्हटलं. २००५ साली त्याच कोर्टाच्या खंडपीठानं ते मानलं नाही. म्हणजे वरून उत्तर यायची वाट बघत बसलो तर आपली वाटणी होऊन जाईल.

इथं दोन गोष्टी तपासायच्या राहतात, आणि भांडणात त्याच विसरल्या जातात.

पहिली, बोअर नेमकी कुणाच्या जागेत आहे? मोटेची धाव आता कुणी वापरत नाही. तिच्यावर गवत वाढतं, कुणी वैरणीची गंजी रचतं, कुणी पत्र्याचं शेड मारतं. पण कागदावर ती सामाईक आहे. बोअर त्या पट्ट्यात असेल तर ती सगळ्यांच्या जागेत आहे आणि बाकीच्यांच्या संमतीशिवाय मारता येत नाही. आमच्या उदाहरणात ती धावेच्या बाहेर होती. पण कितीतरी ठिकाणी ती धावेवरच असते, आणि 'धाव' या शब्दाचा अर्थ नव्या पिढीला माहीत नसल्यामुळं कुणी बोलत नाही. आपल्या वाङ्मय मंडळात आपण जुन्या शब्दांचे संग्रह करतो. धाव, थारोळं, पाट, पाळी हे शब्द नुसते गोड नाहीत, ते मालकीचे शब्द आहेत. काही घरांतली वाटणीपत्रं मोडीत आहेत, आणि आजचा उतारा कानडीत. त्या दोन्हींमध्ये हा एक शब्द गळाला तर जमिनीचा एक पट्टा गळतो.

दुसरी, बोअरमुळंच विहीर आटली हे खरं का? पाऊस कमी झाला असेल, वरच्या बाजूला दुसऱ्या कुणाची बोअर असेल. याची परीक्षा घरच्या घरी होते. विहिरीची मोटर दोन दिवस बंद ठेवायची. पहिल्या दिवशी बोअरही बंद, आणि दर दोन तासांनी विहिरीची पातळी लिहायची. दुसऱ्या दिवशी बोअर सलग चालवायची आणि पातळी तशीच लिहायची. पहिल्या दिवशी पाणी चढत गेलं आणि दुसऱ्या दिवशी बोअर सुरू झाल्यावर चढणं थांबलं किंवा पाणी उतरायला लागलं, तर दोन्ही एकाच भेगांवर आहेत असं समजायला हरकत नाही. काहीच फरक नसेल तर भांडण चुकीच्या माणसाशी चाललंय. एकदा बघून भागत नाही, पाळीच्या दोन-तीन फेऱ्यांत पुन्हा बघावं. केसिंग पाइप किती फूट घातलाय हेही विचारावं. वरच्या मुरमातच केसिंग संपलं असेल, तर विहिरीला येणारं वरचं पाणी बोअरच्या भोकातून खालच्या भेगांत उतरू शकतं, बोअरची मोटर बंद असतानाही.

परीक्षेत बोअर दोषी ठरली तरी कायदा हात देत नाही, हे वर सांगितलंच. मग उरतो तो करार. आणि माझं मत असं की करार हाच खरा उपाय आहे, फक्त तो भांडणाआधी, वाटणीच्याच दिवशी व्हायला हवा.

वाटणीपत्रात 'विहीर, धाव व पाट सामाईक' याच्यापुढं चार गोष्टी लिहाव्यात.

एक, पाळी विजेच्या तासांत लिहावी, आणि दिवसा-रात्रीची वीज आलटून पालटून कशी घ्यायची तेही लिहावं. पाळीची फेरी सात दिवसांची ठेवू नये. सात दिवसांच्या फेरीत एकाच माणसाला कायम तोच वार येतो. सहा किंवा आठ दिवसांची असली तर वार सरकत जातो.

दोन, पाणी अमुक फुटांच्या खाली गेलं की तासांऐवजी भरतीची पाळी सुरू होईल, हे लिहावं. खूण विहिरीच्या दगडात कोरून ठेवावी, म्हणजे 'खाली गेलं का नाही' यावर वाद नको.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: हिस्सेदारांपैकी कुणीही विहिरीपासून ठरलेल्या अंतराच्या आत, अगदी स्वतःच्या जमिनीतसुद्धा, बाकीच्यांच्या लेखी संमतीशिवाय बोअर घेणार नाही. किती अंतर ते सगळ्यांनी मिळून आपल्या रानाच्या आकारावरून ठरवावं. ही अट नुसती तोंडी असली तर जमीन विकली गेल्यावर नवा मालक 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या चाळिसाव्या कलमाप्रमाणं, आपल्या जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर घातलेलं असं बंधन, ज्याला त्याची माहिती होती अशा खरेदीदारावरही लागू होतं. माहिती होती हे दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे कागद नोंदणीकृत असणं. म्हणून हे वाटणीपत्रातच घालून सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावं, उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंद करण्यासाठी अर्ज द्यावा, आणि पोटहिश्श्याचा ११ई नकाशा निघतो तेव्हा विहीर, धाव आणि पाट किंवा पाइपलाइन मोजणीदाराकडून त्यावर दाखवून घ्यावी. अटीची भाषा मात्र वकिलाकडून तपासून घ्यावी, तिथं काटकसर नको.

चार, हिस्सा विकला तर काय. पाटाचा हक्क जमिनीबरोबर जातो, पण विहिरीतला हिस्सा ही स्वतंत्र मिळकत आहे. खरेदीपत्रात 'विहिरीतील हिश्श्यासह' हे शब्द नसतील तर नव्या मालकाची पाळी बाकीचे मान्य करत नाहीत आणि तिथून पुढची दहा वर्षं कोर्टात जातात.

यावर माझ्याच घरी दोन आक्षेप निघाले, ते सांगितलेच पाहिजेत. आमचे आण्णा म्हणतात, "भावाभावांत एवढं लिहायचं म्हणजे आधीच भांडण ठरवायचं." मला तसं वाटत नाही. ज्यांनी 'पाट सामाईक' लिहिलं त्यांचंही एकमेकांवर प्रेम होतंच. त्यांनी लिहिलं म्हणून तर पाटावरची भांडणं मिटतात. त्यांना बोअर माहीत नव्हती, आपल्याला माहीत आहे.

दुसरा आक्षेप चुलतभावाचा, आणि तो जास्त जड आहे. "बोअरवर बंदी घालणारा नेहमी चौदा तासवालाच असतो. चार तासवाल्यानं काय करायचं?" हे खरं आहे. नुसती बंदी लिहिली तर जुन्या वाटणीनं ज्याला जास्त दिलं त्याचंच संरक्षण होतं. म्हणून तिसऱ्या अटीला जोडून आणखी एक वाक्य हवं: सगळ्यात कमी पाळी असलेल्या हिस्सेदाराला बोअर घ्यायची झाली तर सगळ्यांनी मिळून ती घ्यावी आणि तिच्यातही पाळी ठरवावी, किंवा त्यानं एकट्यानं घ्यावी आणि त्या बदल्यात विहिरीतली आपली पाळी बाकीच्यांना सोडावी. दोन्ही ठिकाणी हिस्सा मात्र कुणालाच नाही. आमच्या शिवारातलं ते भांडण शेवटी असंच मिटलं. बोअरवाल्यानं उन्हाळ्यातल्या आपल्या भरत्या भावांना सोडल्या आणि विहिरीच्या पाळीच्या दिवशी बोअर रात्री बंद ठेवायचं कबूल केलं. पण ते तोंडी आहे. त्यानं जमीन विकली तर ते संपलं.

पाणी जमिनीच्या मालकीपासून वेगळं काढून वाटता येतं, याचा दाखला आपल्याच भाषेच्या मुलखात आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी एकरांवर नाही, डोक्यांवर वाटलं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा दिला, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे, आणि ऊस लावायला बंदी होती. ते सामुदायिक उपशाचं पाणी होतं, घरच्या विहिरीचं नव्हे, आणि आपल्या ऊसपट्ट्यात ते सगळं जसंच्या तसं बसणार नाही. पण आण्यांशिवाय दुसऱ्या मापानंही पाणी मोजता येतं, एवढं त्यातून कळतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी येत्या काही वर्षांत वाटणी होणार आहे. ज्यांना शेती करायची नाही तेही त्या कागदावर सही करणार आहेत. बहिणींकडून हक्कसोड घेतली जाते तेव्हा विहिरीतला हिस्साही त्याच सहीनं सुटतो, हेही कुणी वाचून दाखवत नाही. कागद लिहिणारा विचारेल, "विहीर, धाव, पाट सामाईक घालू?" तेव्हा 'हो' म्हणायच्या आधी त्याला थांबवून पुढची चार वाक्यं लिहायला सांगा.